बौद्ध मित्राच्या घरी दुःख झालं, तर पत्रात काय लिहायचं?

वणी तालुक्यातलं राजूर म्हणजे कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या. कामाच्या निमित्ताने वेगवेगळ्या मुलखांतून आलेली माणसं इथे एका ओळीत घरं करून राहिली. खाणीत एकाच पाळीत उतरणारे दोघं, एक मशिदीत जाणारा आणि एक बुद्धविहारात जाणारा, ही इथे काही नवलाची गोष्ट नाही. अशा मित्राच्या घरी मयत झाली तर आपण आधी धावत जातो. पण मुलगा नोकरीला पुण्यात असतो, भाऊ सौदीला असतो, कुणी नागपूरला दवाखान्यात असतो, आणि मग लिहूनच कळवावं लागतं. पत्र असो की व्हॉट्सअपवरचा निरोप, पेन हातात घेतलं की तीच ठरलेली ओळ आधी आठवते: ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.

ही ओळ वर्तमानपत्रात रोज छापून येते, त्यामुळे ती सगळ्यांना चालते असं आपण धरून चालतो. बौद्ध घरात मात्र ती नेमकी अडते, आणि का अडते हे आपल्याकडे फारशा लोकांना ठाऊक नसतं.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि जमलेल्या लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूरला असाच सोहळा झाला. चंद्रपूर राजूरपासून काही लांब नाही. त्यामुळे या पट्ट्यातल्या कित्येक घरांत आजोबा-पणजोबांनी स्वतः तिथे उभं राहून त्या प्रतिज्ञा घेतल्या आहेत. पहिल्या काही प्रतिज्ञा हिंदू देवदेवतांना न मानण्याच्या आहेत. सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. आठवी ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी करून न घेण्याची आहे. शिवाय बुद्धाच्या शिकवणीत जग चालवणारा ईश्वर नाही आणि मेल्यावर कायम टिकून राहणारा आत्माही नाही. आता परत ती ओळ वाचा. तिच्यात ईश्वरही आहे आणि आत्माही आहे. लिहिणाऱ्याचं मन साफ असतं, पण या घराने विचारपूर्वक जे सोडलं तेच त्यांच्या दुःखाच्या दिवशी आपण त्यांच्या दारात नेऊन ठेवतो.

दुसऱ्या धर्माच्या रीतींचा आदर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ते जे करतात ते येतं. मेणबत्ती, पांढरे कपडे, पाली भाषेतल्या गाथा. विदर्भातल्या बौद्ध घराच्या बाबतीत ते जे करत नाहीत त्याचाही तेवढाच आदर करावा लागतो. तेरवी न करणं हा तिथे विसरभोळेपणा नाही की गरिबी नाही, तो एक निर्णय आहे. त्या निर्णयासाठी काही घरांनी नातेवाइकांचं आणि गावकऱ्यांचं बोलणं सोसलेलं असतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही खाणीत ज्याच्याबरोबर पंधरा वर्षं काम केलं त्या मित्राचे वडील वारले. तुम्ही बाहेरगावी आहात. पहिल्या झटक्यात लिहिलेला मजकूर बहुतेक असा निघेल:

“भाऊ, बाबांच्या स्वर्गवासाची बातमी ऐकून फार वाईट वाटलं. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो आणि या दुःखातून सावरण्याचं बळ तुम्हाला देवो. तेरवीला नक्की येतो.”

वाचायला काही वाईट नाही. पण ‘स्वर्गवास’ म्हणजे ते स्वर्गात राहायला गेले. या शब्दामागे जी कल्पना आहे ती त्या घराची नाही. ‘ईश्वर’ आणि ‘आत्मा’ यांचं वर सांगितलंच. आणि तेरवी तर होणारच नाही. बौद्ध घरात सहसा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, काही ठिकाणी त्याला जलदान विधी असंही म्हणतात. भंते किंवा बौद्धाचार्य येतात, त्रिशरण-पंचशील होतं, गाथा म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चार लोक बोलतात, मग जेवण होतं. कार्यक्रम कितव्या दिवशी ठेवायचा हे घराच्या सोयीवर असतं, तेराव्याचं बंधन नसतं. त्यामुळे ‘तेरवीला येतो’ असं लिहून तुम्ही तेराव्या दिवशी राजूरला उतरलात, तर कार्यक्रम आधीच होऊन गेलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट त्या मजकुरात आहे, ती सहज दिसत नाही. तीन ओळींत बाबा कुठेच नाहीत. त्या कुणाच्याही बाबांसाठी चालतील. ही उणीव कोणत्याही धर्माच्या घरात जाणवते.

तोच निरोप असा लिहून बघा:

“भाऊ, बाबा गेल्याचं आज सकाळी कळलं. मी इथे अडकलोय, अंत्यविधीला पोचू शकलो नाही, याचं फार वाईट वाटतंय. रात्रपाळी संपवून आलो की बाबा दारातच बसलेले असायचे आणि मला चहा घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हते. माझ्या अब्बांच्या आजारपणात ते रोज येऊन विचारपूस करून गेले, ते आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. आई कशा आहेत? पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला की कळव, मी त्या दिवशी येतो. तोवर गाडीची, पाहुण्यांना स्टँडवरून आणायची काही गरज असली तर माझ्या लहान भावाला हक्काने सांग, त्याच्याशी मी बोललो आहे.”

लांबी वाढली खरी. यात मेल्यानंतर काय होतं याबद्दल एक अक्षर नाही, आणि तरी काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. ‘अंत्यविधी’ हा शब्द मुद्दाम घेतला आहे. बौद्धांमध्ये दहनही होतं आणि दफनही होतं, ते घराच्या आणि गावाच्या रीतीवर असतं. इतक्या लांबून ‘अग्नी दिला’ किंवा ‘माती दिली’ असं ठोकून देण्यापेक्षा अंत्यविधी म्हटलेलं बरं. ‘जनाजा’ तर लिहूच नये. बोलताना मित्र समजून घेईल, पण लिहिलेला निरोप घरातले सगळे वाचतात, बाहेरून आलेले पाहुणेही वाचतात.

मदतीच्या ओळीकडेही बघा. ‘काही लागलं तर सांगा’ असं सगळेच लिहितात आणि कुणीच काही सांगत नाही. गाडी आणि लहान भाऊ असं ठरवून लिहिलं की समोरच्याला एक फोन लावणं सोपं जातं. जेवणाचंही तसंच आहे. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी जेवण पाठवायचं, ही आपल्याकडे सुन्नत आहे. हजरत जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करायला पैगंबर साहेबांनी (स.) सांगितलं होतं. हिंदू आणि बौद्ध शेजारीही भाकरी-पिठलं घेऊन येतातच. पाठवायच्या आधी फक्त एवढं विचारून घ्या की या दिवसांत घरात काय चालतं. साधं वरण-भात सगळीकडे चालतं, बिर्याणीचं भांडं या दिवसांत नको.

आता आपल्या बाजूचा प्रश्न. हा प्रश्न बरेच जण मनात ठेवतात, उघड विचारत नाहीत. आपला नसलेल्या माणसाच्या मौतीवर तअजियत करता येते का, आणि त्यात दुआ कोणती करायची? काही जण या धास्तीने काहीच लिहीत नाहीत, आणि मित्राला वाटतं याला काही पडलेलंच नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत प्रसंग आहे की एक जनाजा जात असताना पैगंबर साहेब (स.) उभे राहिले. तो यहुद्याचा आहे असं कुणी सांगितल्यावर, तोही एक जीवच नव्हता का, असं त्यांनी विचारलं. हनफी फिकहमध्ये इब्ने आबिदीन यांच्या ‘रद्दुल मुहतार’ या किताबात शेजारी यहुदी किंवा अग्निपूजक असेल आणि त्याचं मूल किंवा नातलग वारलं तर त्याची तअजियत करावी असं आलं आहे. तिथे जी दुआ सांगितली आहे ती जिवंत माणसासाठी आहे, अल्लाह त्याला याहून चांगलं देवो आणि त्याचं भलं करो अशा अर्थाची. गेलेल्या गैरमुस्लिमासाठी मगफिरतची दुआ करण्याची गोष्ट वेगळी आहे, बहुतेक उलेमा तिला परवानगी देत नाहीत. आपल्या मनात आणखी शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारून घ्यावं.

गंमत अशी की दोन्ही बाजूंनी वाट एकाच ठिकाणी येते. आपल्या दीननुसार गेलेल्याच्या आखिरतबद्दल आपण काही लिहू नये, आणि बौद्ध मित्राच्या धम्मानुसार त्याच्या वडिलांच्या आत्म्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उरतो तो मागे राहिलेला मित्र, त्याची आई, आणि बाबांनी आयुष्यात जे केलं ते. वरचा दुसरा मजकूर तेवढ्यावरच उभा आहे. तुम्हाला दुआ लिहायचीच असेल तर ती मित्रासाठी लिहा: “तुला आणि आईंना सब्र मिळो, अशी मी माझ्या परीने दुआ करतो.” ‘माझ्या परीने’ हे दोन शब्द कामाचे आहेत. आपण आपल्याच भाषेत बोलतोय, त्यांच्या तोंडी काही घालत नाही, हे त्यातून कळतं. पत्राच्या माथ्यावर ७८६ किंवा बिस्मिल्लाह लिहायची सवय असेल तर या पत्रावर नाही लिहिलं तरी चालतं. अनेक हिंदू घरांतही वाईट बातमीच्या पत्रावर ‘श्री’ न लिहिण्याची जुनी रीत आहे.

घर कोणत्या रीतीचं आहे हे कसं ओळखायचं, हा पुढचा प्रश्न. आडनावावरून अंदाज बांधू नका, एकच आडनाव दोन-तीन समाजांत सापडतं. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे घरच्यांनी स्वतः पाठवलेला निरोप किंवा छापलेली पत्रिका. गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहिलं असेल, खाली पुण्यानुमोदन आणि बुद्धविहाराचा पत्ता असेल, तर घर बौद्ध आहे. ‘कै.’ असेल, दशक्रिया किंवा तेरवी असेल, तर हिंदू. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, शंकराच्या कैलासाला गेलेले. ते आपण सगळ्यांच्याच नावाला लावतो, सरकारी आदरार्थी शब्द असल्यासारखं. वारकरी घरात ‘वैकुंठवासी’ लिहितात, लिंगायत घरात ‘लिंगैक्य’, ख्रिश्चन घरात ‘ख्रिस्तवासी’. आपण ‘मरहूम’ लिहितो, तसाच हा प्रत्येकाचा आपला शब्द आहे. पत्रिकेत जो शब्द आहे तोच आपण उचलावा. पत्रिका हाती नसेल तर ‘दिवंगत’ लिहा, तो कुणालाच खटकत नाही. ‘श्रद्धांजली’ बहुतेकांना चालते, पण बऱ्याच बौद्ध मंडळींना ‘आदरांजली’ जास्त आपलं वाटतं. व्हॉट्सअपवर जे ‘आरआयपी’ टाकतात, ती मुळात ख्रिश्चनांची, मेलेल्याच्या आत्म्याला शांतीत विसावा मिळो अशी प्रार्थना आहे. तीन अक्षरांत काम उरकायची घाई नसेल तर ती टाळलेली बरी.

इथे एक सावधगिरी. हे सगळं वाचून कुणी बौद्ध मित्रालाच त्याचा धम्म शिकवायला जाऊ नये. काही घरांत आजीच्या आग्रहाखातर तेरवी होते, पत्रिकेत ‘आत्म्यास शांती’ छापलेलं असतं, कुणी नातलग पिंडाचीही गोष्ट काढतो. मित्राने स्वतः ‘तेरवीला ये’ म्हटलं तर तुम्ही तेरवीच लिहा आणि तेरवीलाच जा. ‘पण तुमच्यात तर तेरवी नसते ना?’ हे विचारायचा तो दिवस नव्हे. त्यांचा विधी समजावून सांगायलाही जाऊ नका, आणि ‘हे आमच्या चाळिसाव्यासारखंच झालं’ अशी तुलनाही पत्रात नको. चाळिसावा करावा की करू नये यावर आपल्याच घरांत एकमत नसतं, मग तो दुसऱ्याला मोजपट्टी म्हणून कशाला द्यायचा?

‘जय भीम’ लिहावं का, असंही काही जण विचारतात. एरवी तुमची गाठ पडली की तुम्ही जय भीम म्हणत असाल तर पत्रातही म्हणा, त्यात आपुलकी आहे. एरवी कधीच म्हणत नसाल तर मयतीच्या पत्रात पहिल्यांदा म्हणणं जरा उसनं वाटतं.

हिंदू मित्राला लिहिताना सगळ्यात जास्त गडबड दिवसांची होते. आपल्याकडे सोग तीन दिवसांचा, फक्त विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी बातमी कळली की आपल्याला वाटतं, आता उशीर झाला, आता कशाला आठवण काढून द्यायची. हिंदू घरात तेव्हा दुखवटा अर्ध्यावरही आलेला नसतो. भाऊबंदकीत साधारण दहा दिवसांचं सुतक असतं, दहाव्याला दशक्रिया आणि तेराव्याला तेरवी. त्या दिवसांत आलेलं पत्र वेळेवरच आलं असं धरतात. मात्र त्याच पत्रात घरातली आनंदाची बातमी घालू नका. सुतकात मंगलकार्याला जात नाहीत आणि बऱ्याच घरांत वर्षभर सण करत नाहीत. भाचीच्या निकाहाचं आमंत्रण द्यायचंच असेल तर वेगळं आणि नंतर द्या, आणि मित्र आला नाही तर मनाला लावून घेऊ नका. मधेच ईद आली तर शीरखुर्मा न्यायच्या आधी घरातल्या एखाद्याला हळूच विचारा. बौद्ध घरात सुतकाचा नियम मानत नाहीत, पण दुःख आहेच, त्यामुळे विचारून जाणं तिथेही बरं.

परत राजूरच्या त्या मित्राकडे येऊ. पुण्यानुमोदनाची तारीख त्याने कळवली आणि तुम्ही जायचं ठरवलं. तिथे काय करायचं हे ठाऊक नसल्याने अवघडल्यासारखं होत असेल तर तेही आधीच लिहून टाका, त्यात कमीपणा नाही. “मी पहिल्यांदाच येतोय. वंदना चालू असताना मी मागे शांत उभा राहिलो तर चालेल ना? काही आणायचं असेल तर सांग.” बहुतेक वेळा उत्तर एका ओळीत येतं, की नुसता ये. गाथा सगळे हात जोडून म्हणतात, पाहुण्याने गप्प उभं राहिलं तर कुणी काही म्हणत नाही. तुम्हाला काय जमेल आणि काय जमणार नाही हे त्याला आधीच माहीत असल्याने ऐनवेळी कुणी मेणबत्ती लावायला किंवा फूल वाहायला पुढे बोलावलं, तर तो स्वतःच सांभाळून घेतो. साधे, शक्यतो पांढरे कपडे घाला. लोक आठवणी सांगायला उभे राहिले आणि तुम्हालाही दोन शब्द बोला म्हणाले, तर रात्रपाळीनंतरच्या चहाची गोष्ट पत्रात लिहिलीच आहे, तीच सांगा.

एक तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा: पुढच्या वर्षीचा तोच दिवस. हिंदू घरात त्या सुमारास तिथीप्रमाणे वर्षश्राद्ध होतं, म्हणून दिवस थोडा मागेपुढे होऊ शकतो. बौद्ध घरात तारखेनेच प्रथम स्मृतिदिन करतात. त्या दिवशी मोठं काही लिहायला लागत नाही. “आज बाबांची आठवण आली. आईंची तब्येत बरी आहे ना?” एवढं पुरतं.